अभ्यासिकेतला कॉफीचा पंप : व्हायब्रेटरी काढून रोटरी बसवताना (प्रकल्प नोंदी, नौपाडा, ठाणे)

१२ जानेवारी

ताईची अभ्यासिका चौथ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या आणि मधल्या पॅसेजमध्ये कॉफीचा काउंटर. मशीन वापरलेलं, इटालियन, एका ग्रुपचं, म्हणजे कॉफी उतरवायचं तोंड एकच. मागे तीन लिटरची पाण्याची टाकी आणि आत उल्का कंपनीचा ४८ वॅटचा व्हायब्रेटरी पंप. कॉफीबद्दल कोणाची तक्रार नाही, तक्रार आवाजाची आहे. पॅसेजलगतच्या टेबलांवर बसणारी मुलं एमपीएससीची तयारी करतात. दर कपाला अर्धा मिनिट चालणारी घरघर त्यांना सहन होत नाही, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

आवाज येतो कुठून, तर पंपाच्या कामातूनच. या पंपात मोटर नसते. एक कॉइल, तिच्या पोकळीत लोखंडी पिस्टन आणि त्याला स्प्रिंग, एवढंच. आपल्या विजेची आवर्तनं सेकंदाला ५०. पंपातला डायोड प्रत्येक आवर्तनाचा अर्धाच भाग कॉइलला देतो. त्या अर्ध्यात कॉइल पिस्टन खेचते, उरलेल्या अर्ध्यात स्प्रिंग त्याला परत ढकलते. म्हणजे सेकंदाला ५० ठोके. मोकळ्या नळात हा पंप मिनिटाला साधारण ६५० मिली पाणी देतो, तेव्हा एका ठोक्याला ०.२ मिलीच्या आसपास, काही थेंब. इतक्या थेंबांसाठी एवढा ठोका, आणि तो बसतो मशीनच्या पत्र्याला.

मोबाइलवरच्या आवाजमापकाने एक मीटरवरून ६६ डेसिबल दाखवले. खोली शांत असताना ४१. मोबाइलचा आकडा प्रयोगशाळेतला नव्हे, पण जागा आणि फोन तेच ठेवले तर आधी-नंतरचा फरक विश्वासाने वाचता येतो. पुढची सगळी मोजणी याच जागेवरून करणार.

१८ जानेवारी

नवा पंप घेण्याआधी जुन्यातला किती आवाज पत्र्याचा आणि किती पंपाचा हे कळायला हवं. प्लग काढला, पंपाचा ब्रॅकेट सैल केला आणि पंप फोमच्या तुकड्यावर सुटा ठेवला. टर्मिनल कशालाही लागत नाहीत हे पाहून झाकण बसवलं आणि मगच वीज दिली. याच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट असतात, त्यामुळे उघड्या मशीनमध्ये हात घालून पंप उचलून बघणं वर्ज्य.

आकडा ५९ वर आला. सात डेसिबल म्हणजे कानाला सहज जाणवणारा फरक, आणि तो नुसत्या पत्र्याचा.

पंपाचे रबरी पाय कडक होऊन त्यांना चिरा गेल्या होत्या. ते बदलले. दाबाची नळी बॉयलरच्या आवरणाला टेकत होती, तिला वळण देऊन मोकळी केली. टाकीकडून येणारी नळी मऊ सिलिकॉनची टाकली. वरच्या ट्रेवर कपांखाली रबरी चटई घातली, कारण कप एकमेकांवर किणकिणत होते. शेवटी ६१. कोणाकडे व्हायब्रेटरी पंपाचं मशीन असेल तर आधी एवढं करून पाहावं. खर्च किरकोळ आहे आणि बऱ्याच घरांत काम इथेच संपेल.

इथे मात्र संपलं नाही. ताई म्हणाली, "आवाज कमी झालाय रे, पण मुलांना तो अजून टोचतो. आणि कोणी कॉफी मागितली नसतानाही मशीन मध्येच घुरघुरतं." ते मध्येच घुरघुरणं म्हणजे बॉयलर भरणं. वाफ वापरली की पातळी उतरते आणि तोच पंप आपोआप सुरू होतो.

२५ जानेवारी

आज अकराच्या सुट्टीत काउंटरपाशी उभा राहून वेळ मोजली. प्रश्न आवाजापुरता नाही हे त्यातून कळलं.

पंपाच्या लेबलवर लिहिलेलं असतं : २ मिनिटं चालू, १ मिनिट बंद. म्हणजे कुठल्याही तीन मिनिटांत त्याने दोनच मिनिटं चालावं, बाकीचा वेळ कॉइलला थंड व्हायला. ताईचा एक कप म्हणजे ३० सेकंदांचा शॉट आणि ग्रुप धुवायला ५ सेकंद. गर्दीत दोन कपांमध्ये फार तर २० सेकंदांची उसंत मिळते. ३५ चालू, २० बंद. हे झालं ६४ टक्के, आणि लेबलची मर्यादा ६७. वरवर बसतं. पण इथे नव्वद टक्के मुलं दुधाची कॉफी घेतात. दुधाला वाफ लागते, वाफ गेली की बॉयलर भरतो, आणि ते भरणं नेमकं त्या २० सेकंदांच्या उसंतीत येतं. म्हणजे गर्दीची वीस-पंचवीस मिनिटं पंप मर्यादेच्या पलीकडे चालतो.

याने तो लगेच जळत नाही. कॉइल तापते, तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, ओढ कमी होते आणि दाब हळू चढतो. त्याहून तापला तर अंगावरचं तापमान-सुरक्षा स्विच वीज तोडतं. आज सुट्टीच्या शेवटच्या चार-पाच कपांना दाबाची सुई वर यायला उघड जास्त वेळ लागत होता. पंप जुना झाला म्हणून ताई नवा आणेल, आणि तोही असाच दमेल.

ताईला सांगितलं की इथे रोटरी बसवून पाहू. आवाज हे एक कारण, सतत चालण्याची क्षमता हे दुसरं, आणि माझ्या दृष्टीने दुसरं मोठं.

१ फेब्रुवारी

जुनी हॉटेलची यंत्रं मोडीत घेणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून पितळी रोटरी पंप आणि त्याची मोटर मिळाली. ही जोडी नवी घेतली तर व्हायब्रेटरी पंपाच्या जवळपास दहापट पैसे जातात. जुनी घेण्यात जोखीम असते, पण हा पंप हात घातल्यावर बरंच काही सांगतो.

रचना अशी. गोल पोकळीत रोटर मध्यापासून जरा सरकवून बसवलेला असतो. रोटरच्या खाचांत ग्रॅफाइटची पाती असतात. रोटर फिरला की पाती बाहेर येऊन भिंतीला टेकतात, एका बाजूला जागा मोठी होते आणि पाणी आत येतं, दुसऱ्या बाजूला जागा लहान होते आणि पाणी बाहेर ढकललं जातं. ठोका कुठेच नाही. वेगळी मोटर मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांनी ती फिरवते. १९६१ साली एर्नेस्तो व्हॅलेन्ते यांच्या फाएमा कंपनीने ई६१ मशीन काढलं, त्यात दाब देण्याचं काम दांडा ओढणाऱ्या हाताकडून अशा विजेच्या पंपाकडे गेलं. पाणी थेट नळातून, नऊ बारचा दाब पंपाचा. आजही कॅफेतल्या मोठ्या यंत्रांत मांडणी हीच आहे.

पंप मोटरपासून सोडवला आणि दांडा बोटांनी फिरवून पाहिला. एकसारखा, किंचित जड फिरला. अडकत अडकत फिरला असता तर आतल्या भिंतीला ओरखडे असण्याची शक्यता. पंप आणि मोटर यांच्या जोडावर खाली बारीक छिद्रं असतात. दांड्याचं सील गेलं की पाणी मोटरमध्ये न शिरता तिथून ठिबकावं म्हणून ती ठेवलेली असतात. तिथे पांढरे डाग नव्हते. मोटरचं बेअरिंग कुरकुरत होतं, ते वागळे इस्टेटमधल्या दुकानात सहज मिळालं आणि बदललं. कपॅसिटरही नवा टाकला.

मला या पंपात सगळ्यात आवडतं ते हेच. मोटरचं बेअरिंग वेगळं, कपॅसिटर वेगळा, पंपाचं डोकं वेगळं, आणि डोक्यातली पाती व सीलही दुरुस्तीवाल्याकडे बदलून मिळतात. व्हायब्रेटरी पंप एकसंध असतो. गेला की फेकायचा आणि नवा लावायचा.

८ फेब्रुवारी

आज सगळा वेळ पाण्यात गेला, आणि तो जायलाच हवा होता. रोटरी पंपाची शांतता आणि आयुष्य या दोन्ही गोष्टी त्याच्या तोंडाशी येणाऱ्या पाण्यावर ठरतात. त्याच्या पात्यांना वंगण पाण्याचं आणि थंडावाही पाण्याचाच. कोरडा फिरला तर मिनिटा-दोन मिनिटांत ग्रॅफाइट आणि भिंत एकमेकांना खातात. पाणी अपुरं आलं तर आत पोकळी तयार होते, बुडबुडे फुटतात, पंप किंचाळतो आणि हळूहळू झिजतो. युरोपातल्या पुस्तिका "नळाला जोडा" एवढंच लिहून मोकळ्या होतात, कारण तिथे नळाला दिवसरात्र ठरावीक दाब असतो. आपल्या इमारतीत नळाचा दाब म्हणजे गच्चीवरच्या टाकीची उंची.

हिशेब सोपा. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. इमारत सात मजली, अभ्यासिका चौथ्यावर, वर चार मजल्यांचे बारा मीटर. टाकीचा तळ गच्चीपासून जेवढा वर, तेवढाच काउंटर आमच्या जमिनीपासून वर. म्हणजे टाकी रिकामी होत आली तर १.२ बार आणि भरलेली असेल तर १.३ च्या वर. गेज लावून रात्री पाहिलं तर १.३. सकाळी आठला, सगळी इमारत आंघोळीला असताना, ०.७.

पण हा दाब नळ बंद असतानाचा. पंपाला दाबाहून महत्त्वाचं ते वाहतं पाणी. गाळाचा फिल्टर, मग कार्बनचा फिल्टर, पुढे पिण्याच्या पाण्याच्या मशीनला असते तसली पाव इंची नळी, एवढं जोडून टोक बादलीत सोडलं. मिनिटाला १.१ लिटर. माझ्या पंपाची क्षमता तासाला १५० लिटर, म्हणजे मिनिटाला २.५.

इथे एक बारकावा आहे. शॉट चालू असताना पंप २.५ लिटर मागत नाही. पकमधून, म्हणजे दाबून बसवलेल्या कॉफीच्या थरातून, सेकंदाला एक-दोन मिलीच पाणी बाहेर पडतं आणि उरलेलं पंपाच्या अंगातल्या बायपासमधून आतल्या आत फिरतं. म्हणून अपुऱ्या नळावरही शॉट उत्तम येतात आणि माणूस समाधानी राहतो. खरी मागणी येते बॉयलर भरताना, तेव्हा वाट मोकळी असते. १.१ लिटर देणारी नळी तिथे तोकडी पडते. रोटरी लावलेल्या मशीनचा आवाज फक्त बॉयलर भरताना चढत असेल तर पंपाला दोष देण्याआधी पाण्याची वाट तपासावी.

प्लंबरकाकांनी सुचवलं, "आरओचं पाणीच द्या ना, स्वच्छ असतं." त्यांची काळजी बरोबर, पण दोन अडचणी. भिंतीवरचं आरओ तासाला १५ लिटर गाळतं, म्हणजे मिनिटाला पाव लिटर. आणि बॉयलरची पातळी ओळखणारी काडी पाण्यातून वीज जाते यावर चालते. फार कमी क्षार असलेल्या पाण्यात ती फसते, बॉयलर भरलेला असूनही रिकामा समजते आणि भरत राहते. इथलं नळाचं पाणी नदीचं, मऊ. मीटरवर टीडीएस ७० ते ८०. याला आरओची गरजच नाही, गाळ आणि क्लोरीन काढलं की पुरे.

१५ फेब्रुवारी

ठरलं ते असं : नळ आणि पंप यांच्यामध्ये एक टाकी.

खाद्यपदार्थांना चालेल अशा प्लास्टिकची १२ लिटरची टाकी काउंटरखालच्या कपाटात वरच्या फळीवर. दोन्ही फिल्टर टाकीच्या आधी. टाकीत बॉलकॉक, म्हणजे नळाने कितीही सावकाश दिलं तरी टाकी भरत राहते. टाकीच्या तळातून अर्धा इंची जाड नळी, त्यात धुता येणारी जाळी, आणि ती खाली पंपाच्या तोंडाला. पंप कपाटाच्या जमिनीवर, टाकीच्या अर्धा मीटर खाली. पाणी स्वतःच्या वजनाने पंपात उतरतं, पंपाला खेचावं लागत नाही. मोटर जाड रबरावर.

टाकीत तळापासून चार बोटं वर फ्लोट स्विच. पातळी त्याच्या खाली गेली की मोटरची वीज तुटणार. या सगळ्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू ही, आणि पंपाचं आयुष्य तिच्यावर आहे.

टाकी याहून मोठी घेतली नाही त्याला कारण आहे. कार्बनने क्लोरीन काढल्यावर पाणी फार काळ साठवू नये. ताईचा रोजचा खप पंधरा-सोळा लिटर, त्यामुळे टाकीतलं पाणी दिवसात बदलतं. रविवारी बंद असते तेव्हा शनिवारी रात्री रिकामी करून, पुसून ठेवायची.

निचऱ्याचं कामही आजच उरकलं. टाकी हाताने भरायची असते तोवर माणूस ट्रेकडेही बघतो. पाणी आपोआप येऊ लागलं की ट्रे भरून वाहतो. ट्रेला नळी जोडून सलग उताराने बेसिनच्या पाइपात सोडली. टाकीचा ओव्हरफ्लोही तिथेच.

२२ फेब्रुवारी

जोडणी झाली. पुढच्या माणसाला लागतील त्या तीन गोष्टी सविस्तर लिहितो.

पहिली, वीज. मशीनच्या नियंत्रण कार्डावरचा रिले ४८ वॅटच्या कॉइलसाठी आहे. मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त प्रवाह ओढते, त्याने रिलेचे संपर्क चिकटतात. चिकटलेला रिले म्हणजे बंदच न होणारा पंप. म्हणून कार्डाकडून फक्त इशारा घेतला आणि मोटरसाठी वेगळा, जास्त क्षमतेचा रिले बसवला. फ्लोट स्विच त्याच्याच कॉइलच्या वाटेत. मोटरला अर्थिंग पक्कं.

दुसरी, सुरक्षा वॉल्व्ह. व्हायब्रेटरी पंप वाट बंद असताना १५ बारपर्यंत चढतो, म्हणून त्या मशीनमध्ये जादा दाब टाकीत परत सोडणारा वॉल्व्ह असतो आणि तोच नऊ बार ठरवतो. रोटरीच्या अंगात स्वतःचा बायपास असल्याने हा वॉल्व्ह काढून टाकावा असं वाटेल. काढू नये. पंपानंतर एकदिशा वॉल्व्ह असतो. पंप थांबला की त्याच्या आणि ग्रुपच्या मध्ये पाणी कोंडलं जातं आणि बॉयलरच्या उष्णतेने फुगतं. त्या वाढीव दाबाला वाट हवीच. मी हा वॉल्व्ह १२ बारला लावला आणि त्याचं तोंड निचऱ्यात सोडलं.

तिसरी, पहिली सुरुवात. टाकी भरली, पंपाच्या बाहेरच्या टोकाची नळी सोडून तिथून पाणी आपोआप येऊ दिलं. धार अखंड झाल्यावर नळी जोडली. मग क्षणभर वीज देऊन मोटर बरोबर दिशेने फिरते हे पाहिलं. कोरडी चाचणी एकदाही घेतली नाही.

पंपापासून मशीनपर्यंत आता नऊ बारची नळी जाते, त्यामुळे तिथे जाळीच्या वेष्टणाची दाबाची नळीच हवी. टाकीच्या बाजूची साधी नळी तिथे चालणार नाही.

२३ फेब्रुवारी

ग्रुपला कॉफीच्या बास्केटऐवजी भोक नसलेली बास्केट लावून, म्हणजे पाण्याची वाट बंद करून, दाब बसवला. पंपाच्या बाजूचं टोपण काढलं की स्क्रू दिसतो, उजवीकडे फिरवला की दाब वाढतो. पाव पाव फेरा, दर वेळी थांबून गेज पाहायचं. नऊवर आणून टोपण घट्ट केलं.

एक गोष्ट डोळ्यांनी पाहायची होती. टाकी बाजूला करून थोडा वेळ पंप सरळ नळाला जोडला. रात्रीचे नऊ, नळाला १.३ बार. ग्रुपचं गेज १०.३. या पंपाच्या बायपासमध्ये आत येणारा दाब बाहेरच्या दाबात मिसळतो. म्हणजे सरळ जोडलं असतं तर सकाळी सारी इमारत पाणी वापरत असताना एक दाब, रात्री दुसरा, आणि ताई ग्राइंडर फिरवत बसली असती. मधल्या टाकीमुळे पंपाला दिवसभर जवळपास शून्यच दाब मिळतो, त्यामुळे नऊ म्हणजे नऊच. ज्यांच्याकडे थेट जोडणी आहे त्यांनी आधी दाबनियंत्रक बसवावा आणि पंपाचा स्क्रू नळ जोडलेला असतानाच लावावा.

आवाज : कपाट बंद करून त्याच जागेवरून ४९. मोटर सुरू होताना एक टक, मग बारीक घूं. शांत खोलीपेक्षा आठ डेसिबल वर, पण एकसुरी. बॉयलर भरतानाही तेवढाच. पंखा चालू असेल तर शोधावा लागतो.

२ मार्च

ताईचा फोन : "तीच बीन्स, तोच दळ, पण कॉफी पटकन उतरते आणि आंबट लागते."

हे अपेक्षित होतं. व्हायब्रेटरी पंप दाब सावकाश चढवतो, नऊपर्यंत पोहोचायला काही सेकंद जातात. तेवढ्यात कोरडी कॉफी भिजते, फुगते, घट्ट बसते. रोटरी जवळजवळ लगेच पूर्ण दाब देतो आणि पाणी भिजल्या-न भिजल्या कॉफीतून वाट फोडतं. बास्केट धरणारा दांडा म्हणजे पोर्टाफिल्टर, तळ नसलेला लावून पाहिला तर दोन-तीन ठिकाणी फिकट धारा उडत होत्या.

ग्रुपकडे जाणाऱ्या वाटेतलं बारीक छिद्र ०.८ मिमीचं होतं, ते ०.६ चं केलं. क्षेत्रफळ जवळपास निम्मं झाल्याने पकवरची मोकळी जागा भरायला वेळ लागतो आणि दाब मवाळपणे चढतो. दळ एक खूण बारीक. धारा थांबल्या, ३६ ग्रॅम कॉफी २९ सेकंदांत. पंप बदलणाऱ्याने चव बिघडल्यासारखी वाटली तर आधी इथे पाहावं.

१४ मार्च

आज शहरात पाणी बंद होतं. ताईने पाटीवर वाचलं होतं, पण सकाळची गर्दी आणि परीक्षांचे दिवस, काउंटर चालूच. गच्चीवरची टाकी दुपारी आटली. आमची टाकी त्यानंतरही तास-दीड तास पुरली, मग फ्लोट स्विचने मोटर थांबवली. ताईला वाटलं मशीन बिघडलं. मी टाकीचं झाकण उघडायला सांगितलं तेव्हा तळाला चार बोटं पाणी होतं, ठरवल्याप्रमाणे. पंप एक क्षणही कोरडा फिरला नाही. टाकीच्या बाजूला एक छोटा लाल दिवा लावून देणार, स्विचने मोटरची वीज तोडली की पेटेल असा.

संध्याकाळी पाणी आलं तेव्हा आधी हवा, मग तांबूस पाणी. गाळाचा फिल्टर एका दिवसात पांढऱ्याचा विटकरी झाला. थेट जोडणीत ही हवा सरळ पात्यांमध्ये गेली असती. इथे ती बॉलकॉकमधून फुसफुसून वरच्या वर निघून गेली.

व्हायब्रेटरी पंप अशा वेळी जास्त सोशिक असतो. टाकी संपली तर तो बदलत्या, मोकळ्या आवाजात खडखडतो, माणूस बंद करतो, पाणी भरतो. आत हवा अडकली तर गरम पाण्याचा नळ उघडून चालवला की सुटते.

५ एप्रिल

घोडबंदर रोडला राहणारा मित्र येऊन बघून गेला आणि म्हणाला, "मलाही असंच करून दे." त्याला नको म्हणालो. का, ते नीट लिहितो, कारण हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो.

त्याच्या घरी दिवसाला चार कप. चार वेळा अर्धा मिनिट म्हणजे दोन मिनिटं. वर्षाला साधारण १२ तास. ताईकडे शंभरेक कप, शॉट आणि धुणं मिळून दिवसाला जवळपास एक तास, वर बॉयलर भरणं. वर्षाला तीनशे तासांच्या पुढे. व्हायब्रेटरी पंप "किती वर्षं टिकतो" या प्रश्नाला एकच उत्तर नसण्याचं कारण हे. त्याच्याकडे तोच पंप सहज काही वर्षं निघेल. ताईकडे तो खर्चात धरायचा सुटा भाग ठरतो. शिवाय मित्र सर्वात वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर टाकीची उंची जेमतेम चार-पाच मीटर, आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी. रोटरीला नकोसं असं सगळं त्याच्या घरात आहे, आणि ते टाळायला लागणारी टाकी-कपाट-निचरा त्याच्या स्वयंपाकघरात मावणार नाही.

त्याचा पुढचा प्रश्न : मग आहे ते मशीन तरी नळाला जोडू का, टाकी भरायचा कंटाळा येतो. तेही नको. व्हायब्रेटरी पंपात पाणी अडवणारे वॉल्व्ह एकाच दिशेचे असतात आणि नळाचा दाब त्याच दिशेने येतो. पंप बंद असतानाही पाणी त्यातून पुढे सरकत राहतं. शिवाय सुरक्षा वॉल्व्हमधून परतणारं पाणी टाकीत येण्याच्या हिशेबाने बांधलेलं असतं, टाकी काढली की ते कपाटात. फार तर टाकीवर बॉलकॉक बसवता येईल, पण घरात कोणी नसताना नळ बंद ठेवायची सवय हवी.

त्याला पंप तपासायची रीत दाखवली. पोर्टाफिल्टर काढून, ग्रुपमधून येणारं पाणी मापाच्या भांड्यात ३० सेकंद घ्यायचं, नव्या पंपाचा आकडा टाकीच्या झाकणावर लिहून ठेवायचा. ग्रुपमधल्या छिद्रामुळे हा आकडा प्रत्येक मशीनचा वेगळा, म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना नको, आपल्याच जुन्याशी करायची. पाव भाग घटला, किंवा तापल्यावर दाब चढायला वेळ लागू लागला, की नवा पंप आणून ठेवावा. नुसता गुणगुणतो आणि पाणी नाही, तर बहुधा क्षाराने पिस्टन धरला आहे. आवाजच नाही, तर तापमानाचं स्विच किंवा कॉइल. रबरी पाय मात्र त्याच्याकडून लगेच बदलून घेतले.

२१ जून

पहिल्या पावसानंतरची तपासणी. नळाचं पाणी गढूळ झालंय, पाच मायक्रॉनचा गाळाचा फिल्टर उन्हाळ्यात दोन महिने चालला, आता तीन आठवड्यांत बदलावा लागला. टाकी भरायला किती मिनिटं लागतात ते ताई आता दर सोमवारी वहीत लिहिते. भरायचा वेळ दुप्पट झाला की फिल्टर बदलायचा, तारखेची वाट पाहायची नाही.

पंपाच्या तळाची छिद्रं कोरडी. जाळीत वाळूचे दोन-चार कण, म्हणजे फिल्टर बदलताना त्याचं बाहेरचं भांडं नीट धुतलं गेलं नव्हतं, ते प्लंबरकाकांना दाखवलं. बंद बास्केटवर दाब ९, तापल्यावरही ९. आवाज त्याच जागेवरून ५०. मोटर अर्धा तास गर्दीत चालल्यावर हात ठेवता येईल इतपत कोमट. काढलेला व्हायब्रेटरी पंप नव्या रबरी पायांसकट डब्यात भरून, आतलं पाणी झटकून ठेवला आहे. मोटर कधी दुरुस्तीला गेली तर मागची टाकी आणि तो पंप जोडून काउंटर त्याच दिवशी चालू करता येईल. त्यासाठीच्या वायरींना खुणेच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि जोडणीचं चित्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

पुढची तपासणी गणपतीनंतर : जाळी, छिद्रं, बंद बास्केटवरचा दाब, आणि फ्लोट स्विच हाताने खाली दाबून मोटर थांबते का ते.